सोळा चौकटींतली माणसं

[दृश्य: मिगेल काब्रेराचं चित्र, १७६३]

एक पुरुष, एक बाई आणि त्यांची मुलगी. मागे कापडाचं दुकान. कुणाच्याही दिवाणखान्यात शोभेल असं चित्र आहे. पण त्यावर चित्रकारानंच एक ओळ रंगवली आहे: स्पॅनिश पुरुष आणि इंडियन बाई, यांची मुलगी मेस्तिसा. इंडियन म्हणजे इथं मेक्सिकोचे मूळ रहिवासी. ओळीच्या आधी आकडाही आहे, १.

आकडा आहे म्हणजे पुढची चित्रंही आहेत. एकूण सोळा. प्रत्येकात आई, बाप आणि मूल, आणि बहुतेकांवर त्या मुलाला काय म्हणायचं ते लिहिलेलं. अठराव्या शतकात, मेक्सिको स्पेनच्या ताब्यात असताना, मेक्सिको शहरात आणि प्युब्लामध्ये असे संच मोठ्या संख्येनं रंगवले गेले. त्यांना म्हणतात कास्ता चित्रं. हाच शब्द पोर्तुगीजांनी गोव्यात आपल्या जातींना लावला. पण मेक्सिकोत मामला वेगळा होता. तिथं सरमिसळ थांबवायची वेळ केव्हाच निघून गेली होती. म्हणून ती मोजायला घेतली होती.

[दृश्य: चित्र १, २, ३ ओळीनं]

हे मोजमाप समजून घ्यायचं तर काब्रेराच्या संचातले दोन रस्ते शेजारी ठेवून बघावे लागतात. पहिला रस्ता पहिल्या चित्रापासून निघतो. मेस्तिसा मोठी झाली, तिनं स्पॅनिश माणसाशी लग्न केलं, मुलगी झाली कास्तिसा. या कास्तिसाचंही स्पॅनिश माणसाशी लग्न झालं, तर तिसऱ्या चित्रात जन्मते ती सरळ 'एस्पान्योला', म्हणजे स्पॅनिश. तीन पिढ्यांत हिशेब मिटला. या मुलीत पणजीकडून आलेलं एक अष्टमांश इंडियन रक्त आहे, पण ते आता कुणी विचारत नाही.

[दृश्य: चित्र ४ ते ७]

दुसरा रस्ता चौथ्या चित्रापासून. स्पॅनिश पुरुष आणि आफ्रिकन बाई, मुलगी मुलाता. मुलाता आणि स्पॅनिश, मुलगी मोरिस्का. मोरिस्का आणि स्पॅनिश, मुलगी आल्बिना. इथं थांबू या. पहिल्या रस्त्यावर इतकंच अंतर चालून गेलेली मुलगी स्पॅनिश झाली होती. या मुलीतही आफ्रिकन रक्त एक अष्टमांशच आहे. दिसायला ती गोरीपान आहे. तरी तिला वेगळं नाव आहे. आणि सातव्या चित्रात हीच आल्बिना स्पॅनिश माणसाची बायको होते, तेव्हा तिच्या मुलाचं नाव पडतं तोर्ना आत्रास. म्हणजे 'मागं वळलेलं'. बापाच्या बाजूनं पाहिलं तर एकावर एक चार पिढ्या स्पॅनिश बाप, आणि तरीही मूल मागं गेलं!

गणित तेच, उत्तर वेगळं. याचं कारण रंगात शोधलं तर सापडणार नाही. स्पेनमध्ये पंधराव्या शतकापासून 'रक्ताची शुद्धता' तपासायची पद्धत होती. १४४९ साली टोलेडो शहरानं यहुदी वंशाच्या ख्रिस्ती लोकांना अधिकाराच्या जागा नाकारल्या, तिथून ती पसरत गेली. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांबद्दल कायदा म्हणायचा, हे आधी पाखंडी नव्हते, त्यांना ख्रिस्ताचं नावच माहीत नव्हतं. म्हणजे त्यांचं रक्त शुद्ध, ते मिसळून जाऊ शकतं. आफ्रिकन माणूस आला गुलाम म्हणून. तो डाग पुसला जाणारा नाही, असं धरलं गेलं.

[दृश्य: आंद्रेस दे इस्लास, १७७४]

चित्रकार हा निवाडा नुसत्या अक्षरांत ठेवत नव्हते. अकरा वर्षांनी आंद्रेस दे इस्लासनं रंगवलेल्या संचातलं हे चौथं चित्र. स्वयंपाकघर आहे. बाईनं स्पॅनिश नवऱ्यावर हात उगारलाय आणि पोरगी मध्ये पडून आईला ओढतेय. मेस्तिसाच्या घरात शांतता, मुलाताच्या घरात मारामारी. पाहणाऱ्यानं काय समजायचं ते सांगायची गरज उरत नाही.

आणि पाहणारे होते कोण? बरेचसे संच स्पेनला गेले, परतणाऱ्या अधिकाऱ्यांच्या सामानातून. १७७० साली पेरूच्या व्हाइसरॉयनं, मानुएल आमातनं, वीस चित्रांचा संच माद्रिदला पाठवला तो युवराजाच्या निसर्ग-संग्रहासाठी. जिथं शिंपले, खनिजं आणि पेंढा भरलेले पक्षी ठेवायचे, तिथं ही कुटुंबं. नावंही त्याच थाटाची. काब्रेराच्या पुढच्या चित्रांत लोबो आहे, म्हणजे लांडगा. कोयोते आहे. बार्सिनो आहे, हा ठिपक्या-पट्ट्यांच्या जनावरांचा रंग.

[दृश्य: चर्चची नोंदवही, हातानं पानं उलटताना]

आता भिंतीवरून वहीकडे येऊ. लोक खरंच अशा सोळा नावांनी जगत होते का? नाही. चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या साधारणपणे तीन प्रकारच्या असत: स्पॅनिश लोकांची, इंडियन लोकांची आणि उरलेल्या सगळ्यांची. नोंदींत स्पॅनिश, इंडियन, मेस्तिसो, कास्तिसो, मुलातो, निग्रो अशी मोजकीच नावं येतात. 'मागं वळलेला' तर जवळजवळ कुठंच नाही. आणि पाद्री रक्त तपासत नव्हता. तो चेहरा बघे, कपडे बघे, बोली ऐके, शेजारी काय म्हणतात ते विचारे. म्हणून एकच माणूस बाप्तिस्म्याला मुलातो आणि लग्नाच्या वेळी मेस्तिसो लिहिलेला सापडतो.

या बदलात पैसा होता. इंडियन माणसाला दरवर्षी खंडणी भरावी लागे. स्वतंत्र आफ्रिकन आणि मुलातोलाही. मेस्तिसोला माफी होती. म्हणजे वसुलीवाला आला की मेस्तिसो असणं बरं. पण धर्मन्यायालयाचा, इन्क्विझिशनचा, अधिकार इंडियन लोकांवर चालत नसे. तिथं बोलावणं आलं की मी इंडियन, असं सांगणारे निघत. चित्रकारांना माणसं चौकटीत बसवायची होती. माणसं मात्र दारात कोण उभं आहे ते पाहून चौकट निवडत होती.

शेवटी स्पेनच्या राजानंच दरपत्रक काढलं. १७९५ साली, मोबदला घेऊन पार्दोपणातून, म्हणजे आफ्रिकन वंशाच्या कमीपणातून, सूट द्यायची सोय झाली. किंमत ५०० रेआल. आजच्या व्हेनेझुएलातल्या काराकासचा दिएगो मेखियास बेहारानो पार्दो होता आणि त्यानं ही सूट मिळवली. शहराच्या नगरसभेनं १७९६ मध्ये राजाकडे तक्रार केली, की असं चाललं तर आमचं वेगळेपण काय राहिलं. पुढे त्याला मुलाला विद्यापीठात घालायचं होतं, तर तिथंही अडवणूक झाली. कागद विकत मिळाला, वर्गातली जागा नाही.

[दृश्य: आजचं मेक्सिको, कोस्ता चिका]

स्वातंत्र्य आल्यावर, १८२२ मध्ये, मेक्सिकोनं चर्चच्या वह्यांत वंश लिहिण्यावर बंदी घातली. चित्रांचा धंदा त्याच्या आसपास संपला. पण पहिल्या रस्त्यावरचा मेस्तिसो टिकला. विसाव्या शतकात सरकारनं त्यालाच राष्ट्राचा चेहरा केलं. दुसऱ्या रस्त्यावरचे लोक मात्र शाळेच्या पुस्तकांत फारसे दिसेनात. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कोस्ता चिकामध्ये आणि मेक्सिकोच्या आखाताकडच्या बेराक्रूसमध्ये त्यांची गावं तेव्हाही होती. त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं मागणी केली. राज्यघटनेत त्यांचा उल्लेख आला २०१९ मध्ये. संपूर्ण जनगणनेत 'तुम्ही स्वतःला आफ्रो-मेक्सिकन समजता का' हा प्रश्न प्रथम आला २०२० मध्ये. साधारण २५ लाख लोकांनी 'हो' असं उत्तर दिलं. आणि या वेळी चेहरा बघून कुणी दुसऱ्यानं ते लिहिलेलं नव्हतं.