तेरजेतला फरक आणि उचंत खात्याचा माग

(सांगलीत वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आणि दुकानांत हिशेब लिहिणारी मंडळी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान, थोडे संपादित करून.)

मंडळी, मार्च संपला की गणपती पेठेत आणि मार्केट यार्डात हिशेबनीस एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो तेरीज जुळली का, हा. जुळली तर ठीकच. आज आपण न जुळलेल्या तेरजेकडे बघू. त्यासाठी मी एका हळद-मसाल्याच्या दुकानाची वही उदाहरण म्हणून रचली आहे. दुकान यार्डातून हळद घेते आणि मिरज, तासगाव, जयसिंगपूरच्या किराणा दुकानांना उधारीवर विकते. वही हाताने लिहिलेली आहे, कारण चूक कुठे शिरते ते हाताच्या वहीत डोळ्यांना दिसते.

तेरीज मांडताना खतावणीतल्या प्रत्येक खात्याच्या दोन्ही बाजूंच्या बेरजा घ्यायच्या, बाकी काढायची आणि ती आपल्या बाजूला उतरवायची. मालमत्ता, खर्च, मालकाची उचल आणि गिऱ्हाइकांकडचे येणे नावे बाजूला. भांडवल, विक्री आणि व्यापाऱ्यांचे देणे जमा बाजूला. इथे दोन गोष्टी हमखास निसटतात. रोख आणि बँकेची शिल्लक खतावणीत नसते, ती रोकडवहीत असते, म्हणून ती उतरवायचीच राहते. आणि अखेरचा साठा उत्साहाने तेरजेत घातला जातो. वर्षाची सगळी खरेदी आधीच नावे बाजूला आहे आणि गोदामात उरलेल्या पोत्यांची नोंद अजून कुठल्याच खात्यात झालेली नाही. तेरजेत सुरुवातीचा साठा येतो, अखेरचा बाहेर राहतो.

आपल्या दुकानाची तेरीज मांडली. नावे बाजूची बेरीज आली ३७,५३,४५० आणि जमा बाजूची ३७,५६,१५०. नावे बाजू २,७०० रुपयांनी कमी.

पहिल्यांदा तेरजेच्याच बेरजा पुन्हा करा, मग प्रत्येक बाकी खतावणीशी ताडून बघा. त्यात काही सापडले नाही, तर २,७०० ची एखादी बाकी उतरवायची राहिली का ते पाहा. नंतर फरक निम्मा करा. एखादी रक्कम चुकीच्या बाजूला पडली, तर फरक त्या रकमेच्या दुप्पट होतो. २,७०० चे निम्मे १,३५०. तशी नोंद वहीत नाही. मग नवाने भागा. शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले, की फरकाला नवाने पूर्ण भाग जातो. २,७०० ला भाग जातो, उत्तर ३००. म्हणजे हजार आणि शतक या स्थानांवरचे, एकमेकांत तीनचे अंतर असलेले अंक उलटले असणार, जसे ५,२०० चे २,५००. आपला हिशेबनीस दोन दिवस अशी रक्कम शोधत बसला आणि ती मिळाली नाही.

मिळणार नव्हतीच. निम्मे करणे आणि नवाने भागणे हे उपाय खरे आहेत, पण ते चूक एकटीच आहे असे धरून चालतात. तेरजेत दिसणारा आकडा अनेक चुकांची वजाबाकी-बेरीज होऊन उरलेला असू शकतो. २,७०० ला नवाने भाग गेला, हा इथे निव्वळ योगायोग होता.

दोन दिवसांत काही सापडले नाही, तेव्हा त्याने उचंत खाते उघडले आणि २,७०० नावे लिहिले. दोन्ही बाजू ३७,५६,१५० झाल्या. ही दुरुस्ती नाही. मालकाचे पुढचे काम अडू नये म्हणून फरकाला तात्पुरती जागा दिली, एवढेच. मात्र आता एक सोय झाली. सापडलेली प्रत्येक चूक रोजकीर्दीत रीतसर नोंद करून उचंत खात्यातून जाईल आणि अजून किती शोधायचे आहे ते खात्याची बाकी सांगत राहील.

आता तो नोंदी एकेक करून ताडू लागला, ताडलेल्या रकमेवर पेन्सिलीची खूण करत. मिरजेच्या एका किराणा दुकानाकडून खातेउतारा मागवला होता. त्यांच्या हिशेबाने देणे आपल्या वहीपेक्षा १,८०० ने कमी निघाले. रोकडवहीत त्यांच्याकडून ८,६४० आल्याची नोंद बरोबर आहे, पण त्यांच्या खात्यावर जमा करताना ६,८४० लिहिले गेले. अंक उलटले होते खरे, पण फरकाने सुचवलेले तीनच्या अंतराचे नाही, दोनच्या अंतराचे. नोंद झाली: उचंत खाते नावे १,८००, मिरजेच्या गिऱ्हाइकाचे खाते जमा १,८००.

आणि उचंत खात्याची बाकी २,७०० वरून ४,५०० झाली. या जागी माणसे घाबरतात. फरक कमी व्हायचा तर वाढला, म्हणजे आपलीच दुरुस्ती चुकली, असे वाटून नोंद उलटवून टाकतात. तसे करू नका. मूळ कागद हातात आहे, रोकडवही आणि समोरच्याचा उतारा जुळतात, तर दुरुस्ती बरोबर आहे. आधी ही चूक दुसऱ्या चुकांना झाकत होती. झाकण निघाले आणि खरी तूट दिसू लागली.

पुढे खरेदीवही. पानाच्या तळाशी बेरीज १,८४,६०० आणि पुढच्या पानावर ‘मागून आणले’ म्हणून १,८३,६००. व्यापाऱ्यांच्या खात्यांवर रोजच्या रोज एकेक बिल बरोबर चढले होते. महिनाअखेरची एकूण बेरीज मात्र खरेदी खात्यावर १,००० ने कमी गेली. खरेदी खाते नावे १,०००, उचंत खाते जमा १,०००. बाकी राहिली ३,५००.

आता पुन्हा निम्मे करून बघा. १,७५०. रोकडवहीत कसरीच्या रकान्याची जानेवारीची बेरीज नेमकी तेवढीच आहे. कसर म्हणजे लवकर पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला सोडलेली रक्कम. आधी निरुपयोगी ठरलेला उपाय आता एका फटक्यात लागू पडला, कारण आता चूक एकच उरली होती. म्हणूनच हे उपाय सुरुवातीला एकदाच करून सोडायचे नसतात, प्रत्येक दुरुस्तीनंतर नव्या बाकीवर पुन्हा करायचे असतात.

ही कसरीची चूक का होते ते नीट समजून घ्या, कारण ती दरवर्षी कुठे ना कुठे होते. रोकडवहीच्या आवक बाजूला जे लिहिले असते ते खतावणीत समोरच्या खात्यावर जमा होते. गिऱ्हाइकाकडून पैसे आले, गिऱ्हाईक जमा. त्याला कसर दिली, तीही त्याच्या खात्यावर जमा. हात त्या सवयीने चालतो. पण त्याच बाजूच्या कसरीच्या रकान्याची महिनाअखेरची बेरीज कसर खात्याला नावे जायला हवी, कारण दुकानदारासाठी तो खर्च आहे. संपूर्ण आवक बाजूत उलट चालणारी ही एकच बेरीज. हिशेबनिसाने सवयीने ती जमा केली आणि १,७५० च्या दुप्पट फरक पडला. नोंद: कसर खाते नावे ३,५००, उचंत खाते जमा ३,५००. १,७५० ची नोंद करून थांबलात तर फक्त चुकीची जमा पुसली जाईल, खरी नावे पडणारच नाही.

उचंत खात्यात आता नावे २,७०० आणि १,८००, जमा १,००० आणि ३,५००. दोन्हीकडे ४,५००. खाते बंद झाले.

आता सांगतो ते मला आज सगळ्यात महत्त्वाचे वाटते. उचंत खात्यातली छोटी बाकी नफा-तोटा खात्यात सरळ तोटा म्हणून मारून टाकायचा मोह होतो. लाखांच्या उलाढालीत २,७०० म्हणजे काय, असे म्हणतात. या दुकानात तसे केले असते तर नफा २,७०० ने कमी झाला असता. खरे तर तो ४,५०० ने कमी व्हायला हवा, कारण खरेदी १,००० ने आणि कसर ३,५०० ने कमी लिहिली होती. मिरजेच्या खात्याची चूक तर नफ्याला शिवतच नाही, ती येण्यात आहे. म्हणजे नफा १,८०० ने फुगलेला राहिला असता आणि मिरजेच्या माणसाकडे त्याने आधीच दिलेले १,८०० रुपये आपण पुन्हा मागितले असते. उरलेल्या बाकीवरून तिच्यामागच्या चुकांचा आकार कळत नाही. फरक दहा रुपयांचा असला, तरी त्याच्यामागे पंचवीस हजारांच्या दोन चुका एकमेकींसमोर उभ्या असू शकतात.

उचंत बंद झाले म्हणजे वही शुद्ध झाली, असेही नाही. याच दुकानात ‘हमाली व तोलाई’ खाते वाचताना एक १२,००० ची रक्कम खटकली. बिल काढून पाहिले, तर तो नवा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा होता. तोलाईशी संबंध आहे म्हणून तोलाईत टाकला. काटा मालमत्ता आहे, पण खर्चही नावे आणि मालमत्ताही नावे, त्यामुळे तेरजेला काहीच जाणवले नाही. इथे उचंत खात्याला हात लावायचा नाही. वजनकाटा खाते नावे १२,०००, हमाली व तोलाई खाते जमा १२,०००. साधा नियम असा की चुकीने दोन बाजूंचा तोल बिघडवला असेल तरच दुरुस्ती उचंतमधून जाते. पूर्ण राहून गेलेले बिल, एकाच्या ऐवजी दुसऱ्या गिऱ्हाइकावर चढलेली रक्कम, मूळ नोंदीतच चुकलेला आकडा, या सगळ्या चुका तेरजेला दिसत नाहीत. त्यासाठी खाती वाचावी लागतात आणि उतारे मागवावे लागतात.

शेवटी एका मुलीने विचारले की आमच्याकडे टॅली आहे, त्यात असे होतच नाही, मग? बरोबर आहे, दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय टॅली नोंद घेत नाही. पण पहिल्या वर्षी जुन्या बाक्या भरताना एखादी राहिली किंवा उलट्या बाजूला पडली, तर तेरजेत `Difference in opening balances` ही ओळ दिसते. तिचा शोध याच रीतीने घ्यायचा, फक्त समोर गेल्या वर्षीचा ताळेबंद ठेवून. आणि `Suspense A/c` या गटात हल्ली जे साचते ते वेगळेच असते. यूपीआयने ३,२०० आले, कोणाचे ते कळेना, म्हणून बँक नावे आणि उचंत जमा. तिथे फरक कसलाच नसतो, नाव तेवढे माहीत नसते. अशा रकमांसाठी वेगळे खाते ठेवा, ‘अनोळखी जमा’ असे नाव द्या आणि दर आठवड्याला बँकेच्या उताऱ्यावरून ते रिकामे करत चला. तेरजेच्या फरकाच्या खात्यात त्या टाकल्यात तर अनोळखी माणसाचे ३,२०० तुमच्या तुटीला झाकून टाकतील आणि बाकीवरून माग काढणेच बंद होईल.