उलट तक्रार आली, आता?

समोर चौकशी समित्यांवर काम केलेले बरेच जण दिसताहेत, त्यामुळे नोटीस कशी काढायची आणि जबाब कसा घ्यायचा यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते दुसऱ्या कागदाबद्दल. पहिली तक्रार येते, ज्याचं नाव तिच्यात आहे त्याला नोटीस जाते, आणि खुलाशाची मुदत संपायच्या आत त्याचीच तक्रार येऊन पडते: ‘खरा त्रास तर मला झालाय.’ त्या क्षणी समितीतल्या निम्म्या लोकांना वाटतं, हा सूड आहे. उरलेल्यांना वाटतं, म्हणजे टाळी दोन्ही हातांनी वाजली तर! कागद नीट वाचायच्या आधीच दोन्ही बाजू निकाल देऊन मोकळ्या होतात. माझा राग या घाईवर आहे.

एक प्रकरण सविस्तर सांगते. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एका विभागप्रमुखाविरुद्ध त्याच्या हाताखालच्या बाईंनी तक्रार दिली. रात्री उशिरा वैयक्तिक स्वरूपाचे मेसेज येत. त्यांनी उत्तरं देणं बंद केल्यावर महत्त्वाची कामं काढून घेतली गेली. नोटीस मिळाल्याच्या नवव्या दिवशी प्रमुखांची चार पानी उलट तक्रार आली. तिच्यात सहा आरोप होते. बाईंनी खोटी तक्रार करून माझी बदनामी केली. मेसेजची सुरुवात त्यांनीच केली. बैठकीत त्या माझ्यावर ओरडल्या. सात महिन्यांपूर्वी त्यांनी ग्राहकांची यादी स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवली. तक्रार दिल्यानंतर त्या कार्यालयात माझ्याविषयी बोलत फिरतात. आणि त्यांचे दोन साक्षीदार या कटात सामील आहेत.

समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी लगेच सुचवलं, दोघांनाही समज देऊन प्रकरण मिटवू. मी अडून बसले. म्हटलं, आधी हे सहा आरोप वेगळे करू.

पहिले दोन आरोप ही मुळात तक्रारच नाही, तो बचाव आहे. ‘ती खोटं बोलते’ आणि ‘सुरुवात तिनेच केली’ ही पहिल्या तक्रारीला दिलेली उत्तरं आहेत. ती खुलाशात धरायची आणि तिथेच पुरेपूर तपासायची. त्यांना वेगळा क्रमांक दिला, की एकाच प्रश्नाची दोनदा चौकशी होते आणि तक्रार केली म्हणून तक्रारदार स्वतःच आरोपी होते.

बैठक आणि ईमेल मात्र पहिल्या तक्रारीच्या आधीचे, स्वतंत्र. इथे दुसरा क्रमांक, दुसरी नोटीस, बाईंना खुलाशासाठी तितकीच मुदत. बैठकीला पाच जण होते. तिघांनी सांगितलं की आवाज दोघांचेही चढले होते. प्रमुखांनी तेव्हा वरिष्ठांना एक ओळही लिहिली नव्हती. उलट पुढच्याच महिन्यात बाईंच्या वार्षिक मूल्यमापनात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘वागणूक सहकार्याची.’ तो कागद समोर ठेवल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

ईमेलचा आरोप खरा निघाला. सर्व्हरच्या नोंदीत तारीख, वेळ, जोडलेली फाइल, सगळं होतं. सूडाचा वास आला म्हणून उलट तक्रार न वाचता बाजूला ठेवली असती, तर एक खरी गोष्ट आमच्या हातून सुटली असती. पण आम्ही पुढचा प्रश्न विचारला: हेच आणखी कुणी केलं होतं का, आणि त्यांचं काय झालं? त्याच विभागातल्या दोघांनी घरून काम करता यावं म्हणून तसंच केलं होतं, आणि प्रमुखांनी त्यांना तोंडी समज देऊन सोडलं होतं. बाईंच्या ईमेलची माहितीही त्यांना त्याच आठवड्यात मिळाली होती. सात महिने ते गप्प राहिले. शेवटी मेसेजची तक्रार सिद्ध झाली, ईमेलचीही झाली, आणि बाईंना इतर दोघांइतकीच, म्हणजे तोंडी समज मिळाली. एका निष्कर्षातून दुसरा वजा केला नाही.

साक्षीदारांना कटात ओढणारा सहावा आरोप मला सगळ्यात घातक वाटतो. उद्या जबाब द्यायला येणाऱ्या माणसाला आज कळतं की आपल्यावरही तक्रार आहे. तो तिथेच कचरतो. आम्ही त्या दोघांचे साक्षीदार म्हणून जबाब आधी नोंदवले. कट कुठे, कधी, कसा झाला याचे तपशील द्या, असं प्रमुखांना लेखी कळवलं. तपशील आले नाहीत.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. जेनिफर फ्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ मध्ये एक साचा मांडला: नाकारायचं, उलट हल्ला करायचा, आणि पीडित व आरोपी यांची अदलाबदल करून टाकायची. हा साचा माहीत असावा. पण तो पुरावा नव्हे. निरपराध माणूसही आरोप नाकारतो, चिडतो आणि म्हणतो की अन्याय माझ्यावर झालाय. शिवाय आपल्याविरुद्ध तक्रार होणार हे ओळखून आधीच धावत जाऊन तक्रार देणारेही असतात. तेव्हा कोण आधी आलं यावरून कोण खरं हे ठरत नाही. तारखांवरून फक्त कुठे खोदायचं ते कळतं.

उशिराबद्दलही हेच. बाई काही महिने गप्प होत्या, हे आम्ही भीतीमुळे म्हणून समजून घेतलं. मग प्रमुखांच्या गप्प राहण्यामागेही काही कारण असू शकतं, हे विचारणं आमचं कामच होतं. फरक एवढाच की बाईंकडे मेसेज होते आणि प्रमुखांच्या बाजूला त्यांचंच विरुद्ध लिहिणं होतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, आणि न्याय्य पद्धतीचा आराखडा देण्याचं कबूल केलं होतं तो राहिलाच. पटकन सांगते.

दोन्ही तक्रारी शक्यतो एकाच समितीने ऐकाव्यात, नाहीतर परस्परविरोधी निष्कर्ष येतात. मात्र उलट तक्रार समितीतल्याच कुणाविरुद्ध असेल तर त्या सदस्याने बाजूला व्हावं. पहिल्या तक्रारदाराचा जबाब पहिल्या तक्रारीवरच घ्यावा. त्याच बैठकीत उलट तक्रारीचे प्रश्न घुसडू नयेत. परस्परविरोधी फौजदारी खटल्यांसाठी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये घालून दिलेली रीत मला फार आवडते. एकाच न्यायाधीशाने दोन्ही खटले एकामागून एक ऐकायचे, पहिल्याचा निकाल राखून ठेवायचा, प्रत्येकाचा निर्णय त्याच खटल्यातल्या पुराव्यावर द्यायचा आणि दोन्ही निकाल पाठोपाठ जाहीर करायचे. समिती म्हणजे न्यायालय नाही, तरी ही शिस्त तिला सहज पाळता येते. एका प्रकरणातला कागद दुसऱ्यात लागला, तर तो तिथे रीतसर दाखल करून दोन्ही बाजूंना उत्तराची संधी द्यावी.

तक्रार केल्यानंतर घडलेल्या गोष्टींवर, जशा त्या पाचव्या आरोपातल्या, जास्त बारीक नजर हवी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेला १९० क्रमांकाचा करार तक्रारदार आणि साक्षीदार दोघांनाही सूडापासून संरक्षण द्यायला सांगतो. मैत्रिणीजवळ मन मोकळं करणं आणि कार्यालयभर जबाबाच्या प्रती वाटणं, यात फरक करावाच लागतो. आमच्या प्रकरणात पहिलं घडलं होतं. गोपनीयता पाळा, अशी लेखी सूचना दोघांनाही गेली आणि तो आरोप तिथेच बंद झाला.

आणि अहवाल. सिद्ध न झालेली तक्रार खोटी ठरत नाही. ‘खोटी’ लिहायचं असेल तर माणसाला ती खोटी असल्याचं माहीत होतं, याचा वेगळा पुरावा हवा, आणि ही अट दोन्ही तक्रारदारांना सारखीच लागू. अहवाल दोन लिहावेत, सही एकाच दिवशी व्हावी, आणि ‘आपसातील वाद’ हे शब्द दोन्हींतून खोडावेत. आता तुमचे प्रश्न घेते.