तिसरी पायरी: पासवर्ड मॅनेजरच्या योजनांबद्दल

(एका वाचनालयाच्या मासिक व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

संयोजकांनी फलकावर लिहिलंय, ‘पासवर्ड मॅनेजरच्या योजनांची तुलना: व्यक्तिगत, कौटुंबिक आणि कार्यालयीन’. तुलना मी करणारच आहे, घाबरू नका. पण किमतींपासून सुरुवात करणार नाही. किमती बदलत राहतात, आणि त्या बघायला तुम्हाला माझी गरज नाही. पासवर्ड मॅनेजर म्हणजे काय, हेही सांगत बसत नाही, कारण इथे आलेल्यांपैकी बहुतेकांकडे तो आहे. उरलेल्यांकडे डायरी आहे आणि ती फ्रीजवर आहे. (हशा)

माझा मुद्दा वेगळा आहे. जाहिरातीतल्या तक्त्यात लोक बघतात की पासवर्ड किती मावतात आणि किती फोनवर चालतात. मी म्हणते, दोनच गोष्टी विचारा. ही नोंद कोणाच्या मालकीची? आणि मालक बोलण्याच्या अवस्थेत नसेल तेव्हा ती कोण उघडणार? या दोन प्रश्नांची उत्तरं प्रत्येक योजनेत निराळी असतात, आणि ती ठळक अक्षरात कुणीच छापत नाही.

आमच्या सोसायटीच्या खजिनदारांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ते आता ठणठणीत आहेत. गृहस्थ अत्यंत शिस्तीचे. सोसायटीचा ईमेल, वीजबिलाचं खातं, हिशोबाचं सॉफ्टवेअर, लिफ्टच्या कंत्राटदाराचं पोर्टल, सगळ्यांचे लांबलचक, वेगवेगळे पासवर्ड. सगळे त्यांच्या स्वतःच्या व्यक्तिगत योजनेत. योजना पैसे भरून घेतलेली, म्हणजे इमर्जन्सी ॲक्सेस असलेली; अडचणीच्या वेळी आपण ठरवलेल्या माणसाला आपल्या नोंदी उघडता याव्यात, अशी ती सोय. बायकोचं नावही त्यात घातलेलं. कमिटीच्या मीटिंगमध्ये हे त्यांनी आम्हाला एकदा सोडून तीनदा ऐकवलं होतं.

मग त्यांना हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं, तेही आयसीयूत. आणि त्याच आठवड्यात लिफ्ट बंद पडली. सहावा मजला, गुडघे, तुम्हाला कल्पना आहे. कंत्राटदार म्हणतो तक्रार पोर्टलवरूनच टाका. वहिनी माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आल्या. म्हणाल्या, “यांनी मला काहीतरी पाठवलं होतं, मी त्यावर हो म्हटलं होतं. आता उघडून दे.” त्यांच्या खात्यात गेलो. नवऱ्याचं नाव दिसतंय, पण विनंती पाठवायचं बटणच नाही. पुष्टी बाकी!

ही व्यवस्था तीन पायऱ्यांची असते. मालक आमंत्रण पाठवतो. समोरचा माणूस ते स्वीकारतो. आणि मग मालकाने पुन्हा आपल्या खात्यात जाऊन त्या माणसाला पक्कं करायचं असतं. पहिल्या दोन पायऱ्या झाल्या की सगळ्यांना वाटतं काम झालं. खजिनदारांनाही वाटलं. तिसरी पायरी राहिली ती राहिलीच.

कमिटीतले एक जण रागावले, “कंपनीला फोन करा, त्यांना सांगा माणूस आयसीयूत आहे.” कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण दोष तिचा नव्हता. तिच्याकडे द्यायला काही नव्हतंच. तुमच्या नोंदींची तिजोरी ज्या किल्लीने बंद होते ती किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर उघड्या रूपात नसते. तुम्ही तिसरं बटण दाबता तेव्हा तुमचंच यंत्र ती किल्ली समोरच्या माणसाच्या सार्वजनिक किल्लीने असं कुलूपबंद करतं की ते फक्त त्याच्याच खासगी किल्लीने उघडेल, आणि ते गाठोडं सर्व्हरवर ठेवतं. पुढे कधीतरी त्याने विनंती टाकली आणि तुम्ही ठरवलेली थांबायची मुदत संपली की सर्व्हर फक्त ते गाठोडं हवाली करतो. बटण दाबलंच नाही तर गाठोडं तयारच झालेलं नसतं. मग तुम्ही मृत्यूचा दाखला दाखवा नाहीतर मंत्र्यांची चिठ्ठी आणा.

शेवटी काय झालं विचारताय ना? सातवीतल्या नातवाला आजोबांच्या फोनचा पॅटर्न माहीत होता. गेम खेळण्यासाठी. (हशा) फोनवर सोसायटीचा ईमेल उघडाच होता, त्यावरून पोर्टलचा पासवर्ड बदलून घेतला. लिफ्ट चालू झाली. पण विचार करा, हा फोन त्या मुलाऐवजी दुसऱ्या कुणाच्या हाती लागला असता तर?

इथे एक आडवाट घेते. ओटीपी. तिजोरी उघडली तरी ओटीपी त्या माणसाच्याच सिमवर येतो. घरात कुणी गेलं की लोक पहिल्यांदा त्याच्या फोनचा रिचार्ज थांबवतात, दोनशे-तीनशे रुपये वाचवायला. नंबर बंद पडला की निम्मी खाती अडकतात. काही महिने तो चालू ठेवा. आणि दुसरं, गेलेल्या माणसाचा बँकेचा पासवर्ड हाती आला म्हणून नेटबँकिंगने पैसे काढू नका. तो मार्ग नॉमिनीचा आणि दाव्याच्या अर्जाचा आहे. तिजोरीतून एवढंच कळायला हवं की खाती कुठे कुठे आहेत.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. बरं, तुलना.

उदाहरणाला बिटवॉर्डन घेते, कारण लोकांच्या घरी मी तेच जास्त वेळा लावून दिलंय. त्याच्या फुकट खात्यात पासवर्ड कितीही आणि फोन कितीही. वाटून घ्यायचं असेल तर फुकटात दोन माणसांची एक ‘संस्था’, म्हणजे सामायिक तिजोरी, आणि तिच्यात दोन संग्रह, म्हणजे नोंदींचे कप्पे. नवरा-बायकोला खरं तर पुरतं. पण इमर्जन्सी ॲक्सेस देण्याचा हक्क फुकट खात्याला नाही, त्याला प्रीमियम लागतं. मात्र ज्याला हक्क द्यायचा त्याचं खातं फुकट असलं तरी चालतं, म्हणजे दोघांनी पैसे भरायची गरज नाही. हक्क दोन प्रकारचे. पहिल्यात समोरच्याला तुमच्या नोंदी नुसत्या बघता येतात. दुसऱ्यात तो तुमचा मास्टर पासवर्डच, म्हणजे तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड, बदलून खातं ताब्यात घेतो, आणि तेव्हा दुहेरी पडताळणीही बंद होते. प्रतीक्षेची मुदत तुम्ही ठरवता, एका दिवसापासून नव्वद दिवसांपर्यंत. विनंती आली की तुम्हाला ईमेल येतो. मुदतीत नकार दिलात तर दार बंद, काहीच केलं नाहीत तर आपोआप उघडतं. धडधाकट माणसाला वाचवणारी ही मुदत आयसीयूतल्या माणसाच्या घरच्यांना भारी पडते. म्हणून नव्वद दिवस लावू नका. मी सात सुचवते.

आता कौटुंबिक योजना. बिटवॉर्डनमध्ये सहा जण, सहाही जणांना प्रीमियम, संग्रह हवे तितके. इथे माझा पहिला प्रश्न आठवा. एखादी नोंद संस्थेत टाकलीत की ती तुमची राहत नाही, संस्थेची होते. त्यामुळे इमर्जन्सी ॲक्सेसने फक्त तुमची खासगी तिजोरी दिसते, कुटुंबाच्या सामायिक नोंदी त्यात येत नाहीत. एक घर डोळ्यांपुढे आणा. बाबा एकटेच मालक. आई, दोन मुलं, सून आणि आजी सदस्य. विजेचं बिल ‘घर’ या संग्रहात, बाबांची म्युच्युअल फंडाची खाती त्यांच्या खासगी तिजोरीत. बाबा आजारी पडले तर ‘घर’ सगळ्यांना दिसतच राहील, फंडासाठी मात्र इमर्जन्सी ॲक्सेस लागेल. उलट, सुनेचं खातं कुणी ताब्यात घेतलं तर ती मालक नसल्यामुळे संस्थेतून आपोआप बाहेर पडते, तिला पुन्हा बोलवावं लागतं. आणि बाबांच्या कार्डावरून वार्षिक वर्गणी कापली गेली नाही तर? परदेशी कंपन्यांची वर्गणी आपल्या कार्डांवरून दरवेळी सुरळीत कापली जाईल याची खात्री देता येत नाही. संस्था थांबवली गेली की सामायिक नोंदी सगळ्यांनाच बंद होतात. म्हणून मालक दोन करा. आज रात्री करा. आई मालक झाली तर बाबांचा मान कमी होत नाही. (हशा)

वनपासवर्डची रीत निराळी. तिथे कौटुंबिक योजनेत पाच जण, आणि भर ‘इमर्जन्सी किट’ या कागदावर. मास्टर पासवर्डच्या जोडीला एक लांब गुप्त किल्ली असते, ती या कागदावर छापलेली असते आणि पासवर्ड हाताने लिहायला जागा असते. तो कागद लॉकरमध्ये ठेवायचा. कुटुंबातला संयोजक दुसऱ्याचं खातं पूर्ववत करून देऊ शकतो, पण पुढचा दुवा त्या सदस्याच्याच ईमेलवर जातो. म्हणजे विसरलेल्यासाठी उत्तम, गेलेल्यासाठी ईमेल उघडता आला तरच. लॉकर कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न मात्र तुम्हीच सोडवायचा.

कार्यालयाचं दोन मिनिटांत. चार-पाच माणसांचं करसल्लागाराचं ऑफिस कौटुंबिक योजनेत बसतं, लोक बसवतातही. माझा आक्षेप पैशांचा नाही. कौटुंबिक योजनेत कोणी कोणती नोंद उघडली याची वही नसते, टीम योजनेत असते. बिटवॉर्डनच्या टीम योजनेत मात्र एखाद्याचा विसरलेला मास्टर पासवर्ड प्रशासकाला बदलून देता येत नाही, ती सोय त्याच्या वरच्या, एंटरप्राइज योजनेत. आणि ‘पासवर्ड लपवा’ या परवानगीवर, म्हणजे माणसाला पासवर्ड वापरता येतो पण दिसत नाही त्या सोयीवर, विसंबू नका. नोंद आपोआप भरली जाते तेव्हा ती ब्राउझरमधून बाहेर काढणं जरा जाणत्या माणसाला जमतं.

तेव्हा कुणी नोकरी सोडून गेलं की त्याचं नाव काढून थांबू नका. वहीत बघा त्याने कोणकोणते पासवर्ड उघडले होते, आणि ते सगळे बदला. सुरुवात ऑफिसच्या मुख्य ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्यांच्या ‘पासवर्ड विसरलात?’चे दुवे तिथेच येतात. हो, हो, थांबते. मागच्या रांगेतून प्रश्न आलाय, तिसरी पायरी झाली की नाही हे कसं तपासायचं. समोरच्याला विनंती टाकायला सांगा. तुम्हाला ईमेल आला की तुमच्या खात्यात जाऊन नकार द्या. ईमेल आला तर व्यवस्था चालू आहे. विनंतीचं बटणच दिसत नसेल तर पक्कं करायचं राहिलंय.