पोटातल्या गाठी आणि सकाळची व्हॅन

नमस्कार श्रोतेहो. मी लेकरांचा डॉक्टर आहे. आज मी अशा पोटदुखीबद्दल बोलणार आहे, जी दोन-दोन, तीन-तीन महिने येत-जात राहते आणि तपासण्यांत काही सापडत नाही. शाळकरी वयात ही फार आढळते. दहा मुलांतल्या एखाद्याला तरी ती कधी ना कधी गाठते.

गेल्या हिवाळ्यात लातूरजवळच्या एका गावातून चौथीतली एक मुलगी आली. तिला आपण गौरी म्हणू. वडिलांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत तीन सोनोग्राफी होत्या. खुर्चीवर टेकायच्या आधीच ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोटात गाठी निघाल्यात. टीबी हाय म्हणायलेत." आई म्हणाली, "लेकरू रोज सकाळी पोट धरून रडायलंय. बेंबी सरकली म्हणून चोळूनबी घेतलं, दृष्टबी काढली."

मी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि गौरीला विचारलं, "कुठं दुखतं? एका बोटानं दाखव बरं." तिनं बोट न लावता अख्खा तळवा बेंबीवर ठेवला आणि गोल फिरवला. या दुखण्याची मुलं बहुतेक वेळा अशीच दाखवतात. दुखणं बेंबीपासून जितकं दूर, एका ठरावीक जागी, तितका आजार शोधायला हवा, हा आमच्याकडचा जुना आणि उपयोगी ठोकताळा आहे.

मग आईला एकेक विचारत गेलो. रात्री गाढ झोपेतून दुखण्यानं उठते का? नाही. वारंवार ताप? नाही. उलट्या, शौचात रक्त, लांबलेले जुलाब, तोंडात सारखे फोड, सांधेदुखी? नाही. घरात किंवा शेजारी कुणाला टीबी? नाही. शौचाला रोज होते का? हा प्रश्न मी मुलालाही वेगळा विचारतो, कारण नऊ वर्षांचं लेकरू किती दिवसांनी जातं हे आईला ठाऊक नसतं, आणि शाळेच्या संडासाला कडी नाही म्हणून दिवसभर दाबून धरणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. बद्धकोष्ठता हे पोटदुखीचं सगळ्यात जास्त नजरेतून सुटणारं कारण आहे. गौरीला तो त्रास नव्हता.

आता वजन. तिच्या जुन्या कार्डावर वर्षापूर्वीचं साडेबावीस किलो होतं, आज पंचवीस भरलं. उंचीही पाच सेंटिमीटरनं वाढली होती. पोटात मोठा आजार मुरत असेल तर लेकरू असं वाढत नाही. वाढीच्या तक्त्यावरची ही रेघ मला तिन्ही सोनोग्राफींपेक्षा जास्त सांगून गेली. पोट दाबून पाहिलं, तेही मऊ होतं. रक्त, लघवी आणि शौचाची साधी तपासणी केली, तीही ठीक आली.

मग गाठी कशाच्या? आतड्यांच्या पडद्यात लहान लहान लसिकाग्रंथी प्रत्येकाच्या पोटात असतात. घशाचा संसर्ग झाला, जुलाब झाले की त्या थोड्या फुगतात. गौरीच्या पाच-सहा मिलिमीटरच्या होत्या. तेवढ्या निरोगी, खेळणाऱ्या मुलांतही दिसतात. टीबीचं चित्र वेगळं असतं. त्यात ताप लांबतो, वजन घटतं, भूक जाते, ग्रंथी मोठ्या होऊन एकमेकींना चिकटतात, कधी पोटात पाणी होतं. अशी शंका आली तर तिचा नीट तपास झालाच पाहिजे. पण निव्वळ सोनोग्राफीत "गाठी" हा शब्द आला म्हणून लेकराला सहा महिने टीबीची औषधं सुरू करू नका, असं मी कळकळीनं सांगतो.

इथं मी "काही झालेलं नाही" असं म्हणून चिठ्ठी दिली असती, तर घरी जाऊन वडील तिला म्हणाले असते, "बघ, नाटक करायलीस." आणि महिन्याभरात चौथी सोनोग्राफी झाली असती. म्हणून मी आधी गौरीकडे पाहून म्हणालो, "तुझं पोट खरंच दुखतं. मला माहीत आहे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग वडिलांना सांगितलं, शेतातल्या वस्तीवरचं कुत्रं पाहा. एकदा चोर येऊन गेला की पुढं कितीतरी दिवस ते पानाच्या सळसळीलाही भुंकतं. भुंकणं खरं असतं, चोर नसतो. गौरीला पावसाळ्यात जोराचे जुलाब झाले होते. त्यानंतर आतड्यांच्या नसा जास्त जागरूक राहिल्या. गॅस सरकला, आतडं आवळलं, या रोजच्या हालचाली एरवी जाणवत नाहीत, त्या तिला दुखतात. मनावर ताण असेल तर त्या नसा अजून तिखट होतात, कारण मेंदू आणि आतडं एकमेकांशी सतत बोलत असतात.

ताण कुठला, ते आईच्याच तोंडून आलं. जूनपासून गौरी गावातली शाळा सोडून तालुक्याच्या शाळेत जाते. व्हॅन सकाळी सात वाजता येते. रविवारी पोट दुखत नाही. याचा अर्थ ती खोटं बोलते, असा नाही.

मग आम्ही ठरवलं ते असं. पोट दुखलं तरी व्हॅन चुकवायची नाही. फारच असह्य झालं तर अर्धा दिवस तरी शाळा. बाईंना आधीच सांगून ठेवायचं, म्हणजे वर्गात दुखलं तर पाच मिनिटं बसू देतील आणि घरी पाठवणार नाहीत. सकाळी उठल्या उठल्या "पोट दुखतंय का गं?" हे विचारणं घरात सगळ्यांनी बंद करायचं. तिनं सांगितलं तर ऐकायचं, पोटावर हात फिरवायचा आणि लगेच दुसऱ्या कामात गुंतवायचं. दुखताना बेंबीवर हात ठेवून पोट फुगवत सावकाश दहा श्वास घ्यायचे. हे तिनं माझ्यासमोर करून पाहिलं. थंड पेयं बंद, न्याहारी करून निघायचं. वेदनाशामक गोळ्या मी दिल्या नाहीत. त्या इथं फारशा कामाच्या नसतात, काही तर पोटालाच त्रास देतात.

श्रोतेहो, एवढं ऐकून कुणी दुखणं अंगावर काढू नये. बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं उजवीकडं खाली सरकलं, ताप आला आणि लेकराला जागच्या जागी उडी मारवेना, तर अपेंडिक्स असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. हिरवी उलटी झाली तर वाट पाहू नका. मुलाच्या ओटीपोटात अचानक जोरात दुखू लागलं तर चड्डी काढून वृषण बघा. मुलं लाजेनं सांगत नाहीत, आणि वृषणाला पीळ पडला असेल तर पहिले सहा तास फार मोलाचे असतात. पोटदुखीबरोबर तहान आणि लघवी खूप वाढली, वजन उतरलं तर रक्तातली साखर तपासून घ्या.

गौरीला मी चार आठवड्यांनी बोलावलं होतं. आईनं वहीत लिहून आणलं होतं. पहिल्या आठवड्यात पाच दिवस दुखलं, शाळा दोनदा बुडाली. चौथ्या आठवड्यात दोन दिवस दुखलं, शाळा एकदाही बुडाली नाही. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं, आणि ते इतक्यात जाईल असं मी म्हणालोही नव्हतो. वडिलांनी दबक्या आवाजात विचारलं, "गाठी बघायला परत सोनोग्राफी करावी का?" मी गौरीला काट्यावर उभं केलं. काटा पंचवीस किलो तीनशे ग्रॅमवर थांबला. त्यांनी तो वाकून स्वतः वाचला आणि पिशवीतले रिपोर्ट पुन्हा बाहेर काढलेच नाहीत.