संजाणचा ताजिक अधिकारी आणि देवीचा मठ

सोलापुरातल्या माझ्या वर्गात मध्ययुगाचा विषय निघाला की मुले पहिला प्रश्न विचारतात, तो लढायांचा. मी मात्र त्यांच्यासमोर एका ताम्रपटाचे चित्र ठेवतो. हा ताम्रपट पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडला. त्यावर शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ असा काळ आहे आणि भाषा संस्कृत आहे.

मुलांनो, त्या वेळी आपल्या प्रदेशावर राष्ट्रकूटांचे राज्य होते. त्यांची राजधानी मान्यखेट म्हणजे कलबुर्गीच्या पुढचे आजचे मळखेड. सोलापूरकरांना ते काही परके नाही. समुद्रकिनाऱ्यावरचा संजाणचा प्रदेश मात्र तिथून फार दूर होता, आणि दुसऱ्या कृष्ण राजाने तो ज्याच्या हाती सोपवला, त्याचे नाव ताम्रपटात ‘मधुमती’ असे येते. हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप आहे. तो ‘ताजिक’ होता असे लेखातच म्हटले आहे आणि त्या काळी अरबांना ताजिक म्हणत, म्हणून ही ओळख आपण खात्रीने पटवू शकतो.

या मधुमतीने नदी ओलांडण्यासाठी मोफत नावेची सोय केली आणि एक अन्नछत्र उघडले. त्याचा मंत्री पुव्वैय याचा मित्र अन्नैय नावाचा ब्राह्मण होता, त्याने देवीसाठी मठ बांधला. मठाची दुरुस्ती, देवीचा नैवेद्य आणि ब्राह्मणभोजन यांसाठी मधुमतीने तिसऱ्या इंद्र राजाच्या संमतीने एक गाव आणि काही जमीन दिली. विनंती ब्राह्मणाची, दान मुसलमान अधिकाऱ्याचे आणि संमती राष्ट्रकूट राजाची, असा हा व्यवहार आहे.

राजाने असे का केले असेल? बंदराचा व्यापार अरब व्यापाऱ्यांशी जोडलेला होता, तेव्हा त्यांच्यातलाच माणूस तिथे नेमणे सोयीचे होते. आणि त्या माणसालाही स्थानिक प्रतिष्ठितांचा विश्वास हवा होता, तो देणगीने मिळत असे. तरीही या लेखावरून सामान्य कोळी-शेतकऱ्यांच्या मनातले सांगता येणार नाही, हे मी मुलांना आवर्जून सांगतो, कारण दानपत्र लिहवून घेणारा स्वतःची स्तुतीच लिहवून घेतो.

चिंचणीच्याच पुढच्या एका ताम्रपटात याच मठाच्या वादाची हकीकत आहे. वाद मठ आणि शेजारचे विष्णुमंदिर यांच्यात जमिनीवरून होता, आणि मठाने मंदिराला ठरावीक वार्षिक रक्कम द्यावी, असा तोडगा निघाला.