ध्वजस्तंभाचा माथा कधी ठरला?

वेरूळचं सोळाव्या क्रमांकाचं लेणं, म्हणजे कैलास, आधी डोंगरावर चढून वरून पाहा. खाली दिसतो तो एक प्रचंड खड्डा, मागच्या बाजूला सुमारे 30 मीटर खोल, आणि त्यात उभं असलेलं मंदिर. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, हे काम झालं असं मानतात.

डोंगराच्या उतारावर तीन बाजूंनी चर खोदत नेले आणि मधे कातळाचा एक ठोकळा सुटा केला. पाथरवट उभा असे तो अजून न फोडलेल्या दगडावरच. त्यामुळे शिखर घडवायला उंच परांची बांधायची गरज नव्हती. काम खाली सरकलं, की पायाखालचा कातळही खाली जायचा.

आता नंदीमंडपाच्या दोन्ही बाजूंचे ध्वजस्तंभ पाहा. प्रत्येकाची उंची साधारण 15 मीटर, आणि दोन्ही मूळ कातळातच कोरलेले. खोदकाम त्यांच्या माथ्याच्या पातळीवर पोचलं, तेव्हा आजचं अंगण अजून 15 मीटर खाली, अखंड दगडात होतं. त्याच क्षणी त्या दोन जागांचा दगड राखावा लागला. तिथं चुकून टाकी चालली असती, तर तो दगड परत मिळणार नव्हता. शिवाय स्तंभ मंडपाच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. म्हणजे मंदिराचा मध्य-अक्षही तोवर पक्का झालेला होता.

गोपुर, नंदीमंडप आणि मुख्य मंदिर यांना जोडणारे दगडी पूलही तसेच. पुलाचा पृष्ठभाग ठरवायचा, तेवढी जाडी राखायची आणि मग खालचा कातळ काढायचा.

अंगणातल्या हत्तींचं मात्र वेगळं. त्यांची पाठ जमिनीपासून फार उंच नाही, म्हणून त्यांचा विचार कितीतरी नंतर केला असता तरी चाललं असतं. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: इथं प्रत्येक वस्तूच्या निर्णयाची शेवटची वेळ तिच्या माथ्यावरून कळते.

बाजूच्या कड्यातल्या दालनांना हा नियम लागू नाही. उत्तरेकडचं लंकेश्वर लेणं कड्यात आडवं खोदलं आहे. असं दालन मंदिर पूर्ण झाल्यावरही खोदता येतं. म्हणून ते मूळ आराखड्यात होतं की नाही, हे केवळ खोदकामाच्या क्रमावरून सांगता येत नाही. तिथं शैलीचा आधार घ्यावा लागतो.

बंदिस्त लेण्यातही सुरुवात छतापासूनच होते. अजिंठ्याचं चोविसावं लेणं अर्धवट राहिलं, म्हणून तिथं हे डोळ्यांनी दिसतं. आत समांतर बोळ कोरत नेले आहेत. मधला दगड कुठं भिंतीसारखा, कुठं ओबडधोबड खांबासारखा उरला आहे. जमीन खडबडीत आहे, टाकीचे घाव उघडे आहेत. आणि बाहेर ओसरीत मात्र खांबांच्या माथ्यावरचं कोरीवकाम पूर्ण झालेलं आहे.