काट्यावरचा किलो आणि बिलातला किलो

(घर बांधायला निघालेल्या लोकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

माझ्या हातात तीन कोटेशनं आहेत. घर एकच, यादी एकच: चार टन स्टील. त्यात आठ मिलिमीटरचं १,२०० किलो आणि बारा-सोळाचं मिळून २,८०० किलो. पहिला दुकानदार म्हणतो किलोला ५२ रुपये. दुसरा म्हणतो ५५. तिसरा ५६.५०, पण पैसे साठ दिवसांनी द्या. हे आकडे मी हिशोबापुरते घेतलेत. तुम्ही चौकशी कराल त्या दिवशी भाव निराळा असेल, पण हिशोबाची रीत बदलणार नाही.

घरमालकाची नजर ५२वर जाते आणि तिथेच चिकटते. तीन रुपये गुणिले चार हजार किलो, म्हणजे बारा हजार वाचले! आता कोटेशनच्या तळाचं बारीक अक्षर वाचू. ५२ हा 'बेसिक' भाव, बारा आणि सोळासाठी. आठच्या सळईला 'साइझ डिफरन्स' म्हणून किलोमागे तीन रुपये जास्त. बारीक सळई रोल करायला जास्त खर्च येतो, त्यामुळे हा फरक रास्तच आहे. पण घराच्या यादीत आठची सळई थोडीथोडकी नसते. स्लॅबची जाळी आणि कॉलम-बीमच्या रिंगा बहुतेक तिच्यातच होतात. शिवाय टेम्पोचं भाडं ४,५०० आणि हमाली १,६००, दोन्ही वेगळं. बेरीज करा: २,८०० किलो ५२ने १,४५,६००. १,२०० किलो ५५ने ६६,०००. वरचे ६,१०० धरून २,१७,७०० रुपये. दुसऱ्याचा भाव सरसकट सगळ्या मापांना ५५, साइटवर पोच, उतरवून. म्हणजे २,२०,०००. बारा हजारांचा फरक २,३०० वर आला.

इथपर्यंत बरेच लोक स्वतःही पोचतात. पुढचा प्रश्न मात्र फार थोडे विचारतात: हे चार हजार किलो मोजले कुठे?

स्टील दोन तऱ्हेनं विकलं जातं, नगावर आणि काट्यावर. नगावर म्हणजे सळया मोजायच्या आणि पुस्तकातलं वजन लावायचं. ते वजन काढायची रीत सोपी आहे. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ने भागा. आलं ते एका मीटरचं वजन, किलोमध्ये. आठची सळई ६४ भागिले १६२, म्हणजे मीटरला ३९५ ग्रॅम. बाराची १४४ भागिले १६२, म्हणजे ८८८ ग्रॅम. बारा मीटरची बाराची एक सळई सुमारे १०.६६ किलो भरली पाहिजे. काट्यावर म्हणजे भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांच्या वजनातला फरक.

दोन्ही वजनं जुळायला हवीत, पण जुळत नाहीत. कारखान्यातून सळई पुस्तकी वजनाइतकीच निघेल असं नाही. भारतीय मानक आयएस १७८६ तेवढी सूट देतं. एका लॉटचं सरासरी वजन दहा मिलिमीटरपर्यंत सात टक्के, त्यापुढे सोळापर्यंत पाच टक्के आणि सोळाच्या वर तीन टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे आठची सळई सहा टक्के हलकी निघाली, तरी ती आयएसआयच आहे. भांडायला गेलात तर दुकानदार नियमावर बोट ठेवेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

आता पहिल्या कोटेशनवर परत या. त्याची विक्री नगावर आहे. समजा, त्याची आठची सळई सहा टक्के हलकी आहे आणि बारा-सोळाची चार टक्के. आठमध्ये ७२ किलो कमी आले, बारा-सोळात ११२. म्हणजे १८४ किलो स्टील बिलात आहे, गाडीत नाही. त्याच्याच भावानं त्याची किंमत ९,७८४ रुपये. प्रत्यक्ष आलं ३,८१६ किलो आणि खर्च झाला २,१७,७००. किलोला ५७ रुपये पडले. ५२ नव्हे!

एका गृहस्थांनी मधेच हात वर केला. "पण मीटर तर पूर्ण मिळाले ना? रिंगा तेवढ्याच होतील." हो, होतील. सळया कमी पडणार नाहीत आणि घरही कोसळणार नाही, कारण मानकानं जेवढी सूट दिली तेवढीच घेतलेली आहे. पण त्या हलक्या सळया दुसऱ्या दुकानदारानं काट्यावर दिल्या असत्या तर? बिल ३,८१६ किलोचंच झालं असतं. ५५ने २,०९,८८०. तीच सळई, तेच मीटर, पोच देऊन, आणि महागडा दुकानदार ७,८२० रुपयांनी स्वस्त. म्हणून भाव विचारण्याआधी विचारा: नगावर की काट्यावर? हलक्या सळया काट्यावर घेतल्या तर टनामागे मीटर जास्त येतात, हे अनुभवी ठेकेदार जाणून असतात. काही जण मुद्दाम तसा माल शोधतात. त्यात गैर काही नाही, फक्त सूट ओलांडलेली नसावी.

ती ओलांडलेली नाही हे घरीच तपासता येतं. कुठल्याही सळईचा बरोबर एक मीटर तुकडा कापून घ्या, टोकं सरळ कापलेली हवीत, आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. एकट्या नमुन्याला मानक थोडी जास्त ढील देतं: आठला आठ टक्के, बाराला सहा टक्के. म्हणजे आठचा तुकडा ३६३ ग्रॅमच्या खाली आला किंवा बाराचा ८३५च्या खाली, तर तो माल परत पाठवायचा. एका तुकड्यावर निकाल देऊ नका, वेगवेगळ्या बंडलांतले तीन-चार घ्या. लांबीही टेपनं मोजा. बारा मीटरच्या सळईत दहा-पंधरा सेंटिमीटर कमी असले, तर नगावरच्या बिलात तीही गळतीच.

काट्यातही गंमती होतात. भरलेल्या गाडीत क्लीनर बसलेला असतो, रिकाम्या गाडीत नसतो. दोन्ही चिठ्ठ्या एकाच काट्याच्या, एकाच दिवसाच्या आणि गाडीचा नंबर छापलेल्या असाव्यात. मी स्वतः सुरुवातीच्या काळात फक्त भरलेल्या गाडीची चिठ्ठी घेऊन खूश झालो होतो. रिकाम्या गाडीचं वजन 'नेहमीचंच' म्हणून दुकानदारानं तोंडी सांगितलं. ते किती कमी सांगितलं होतं, हे पुढच्या खेपेला गाडी स्वतः रिकामी तोलून आणली तेव्हा कळलं. आता चिठ्ठीचं वजन आणि सळयांच्या मोजणीवरून निघणारं वजन मी शेजारी शेजारी लिहितो. काट्याचं वजन नगाच्या वजनापेक्षा जास्त आलं, तर सळई जाड आहे असं समजून खूश होण्याआधी तुकडा तोला.

ग्रेडबद्दल थोडक्यात. एफई ५०० आणि एफई ५००डी या दोन्ही सळयांची ताकद ५०० मेगापास्कलच धरली जाते. फरक आहे ताणला जाण्यात. तुटण्याआधी साधी किमान १२ टक्के लांबली पाहिजे, डी किमान १६ टक्के. डीमध्ये गंधक-फॉस्फरसवरही कडक मर्यादा आहे. भूकंपात हे लांबणंच कामाला येतं, म्हणून डीचे चार पैसे जास्त मी देतो. पण कोणी एफई ५५० 'जास्त मजबूत' म्हणून गळ्यात मारत असेल, तर नकाशा बघा. इंजिनिअरनं ५००च्या हिशोबानं सळया काढल्या असतील, तर ५५० आणून एकही सळई वाचत नाही. फक्त भाव चढतो.

आता तिसरं कोटेशन. ५६.५०, साठ दिवस उधार. रोखीच्या ५५वर दीड रुपया जास्त, म्हणजे दोन महिन्यांचे २.७३ टक्के. वर्षाला जवळजवळ साडेसोळा टक्के व्याज झालं. तुमचं गृहकर्ज समजा नऊ टक्क्यांचं असेल, तर ५५ रुपयांवर साठ दिवसांचं व्याज साधारण ८१ पैसे होतं. म्हणून ८० पैशांपर्यंत जास्त देऊन उधारी घ्यावी, त्यापुढे बँकेचा पुढचा हप्ता उचलून रोख द्यावं. आणि एखादा म्हणाला, 'उधारीचे पैसे लावत नाही', तर त्याला रोखीचा भाव विचारा. तो उतरला, तर तेवढंच व्याज होतं.

उधारीचा खरा त्रास व्याजात नाही, वजनात आहे. पैसे देणं बाकी असलं की माणूस हलका माल परत पाठवायला कचरतो. स्टीलचा भाव दिवसागणिक हलतो, आणि उधारीच्या गिऱ्हाइकाला गाडी आली त्या दिवसाचा भाव लागतो की मागणी दिली त्या दिवसाचा, हे कागदावर नसतं. ते लिहून घ्या. नाहीतर भाव उतरला तर मागणीचा, चढला तर गाडीचा, असा हिशोब होतो.

सिमेंटचं गणित लहान आहे, कारण गोणी ५० किलोची ठरलेली. दहा गोण्या तोला. प्रत्येक गोणी किलोभर कमी भरली, तर शंभर गोण्यांत दोन गोण्या गेल्या. भावाची तुलना मात्र एकाच प्रकाराची करा. ओपीसी म्हणजे साधं सिमेंट, पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं. ओपीसी ५३ ग्रेडची २८ दिवसांची ताकद किमान ५३ मेगापास्कल आणि पीपीसीची किमान ३३. पीपीसी स्वस्त आहे आणि वीटकामाला, गिलाव्याला उत्तम आहे. स्लॅबला वापरलं तर ते ताकद सावकाश धरतं. पाणी मारायचे किमान दिवस ओपीसीला सात, पीपीसीला दहा. सेंट्रिंगही जास्त दिवस ठेवावं लागतं. स्लॅबच्या दीडशे गोण्यांवर पंधरा रुपये वाचवले तर २,२५० रुपये. सेंट्रिंगचं भाडं चार-पाच दिवस वाढलं तर किती होतं, ते आधी सेंट्रिंगवाल्याला विचारा.

आणि जुन्या बिलाशी भाव ताडू नका. २२ सप्टेंबर २०२५पासून सिमेंटवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के झाला. कोटेशनमध्ये तो धरलाय की वेगळा, हे स्टीललाही विचारायचं आणि सिमेंटलाही. आजचे माझे सगळे आकडे जीएसटी सोडून आहेत.

शेवटी एका ताईंनी विचारलं, एकदम तीनशे गोण्या घेतल्या तर भाडं वाचतं, घेऊ का? गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. गाडी उतरवायच्या आधी ते वाचा. गोणी दुकानात आधीच दीड महिना पडून असेल आणि तुमचा गिलावा तीन महिन्यांनी असेल, तर त्या दिवशी ते सिमेंट साडेचार महिन्यांचं झालेलं असेल. तीन महिन्यांपुढचं सिमेंट तपासून घेतल्याशिवाय वापरत नाहीत. स्लॅबपुरत्या दीडशे आज आणा, गिलाव्याच्या दीडशे गिलाव्याच्या आदल्या आठवड्यात. दुसऱ्या खेपेचं भाडं जाईल, ते जाऊ द्या.